स्टोअरचे रोजचे काम बायोडेटात आकड्यांनिशी कसे लिहावे?

प्रश्न: मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, ट्रान्सफॉर्मरचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. सहा वर्षे झाली, सॅपवर काम करतो. हालोलच्या एका कंपनीत ‘इन्व्हेंटरी कंट्रोल एक्झिक्युटिव्ह’ची जागा निघाली आहे. जाहिरातीत सायकल काउंटिंग, इन्व्हेंटरी अ‍ॅक्युरसी ९८ टक्के, एबीसी अ‍ॅनालिसिस, २४ तासांत जीआरएन, नॉन-मूव्हिंग साठा कमी करणे, पीपीसी आणि परचेसशी समन्वय असे लिहिले आहे. माझ्या बायोडेटात ‘स्टोअरची जबाबदारी सांभाळली’, ‘जीआरएन बनवले’, ‘साठ्याच्या नोंदी ठेवल्या’, ‘फिफो पाळले’ अशा ओळी आहेत. सगळे म्हणतात आकडे टाक, पण माझ्याकडे सांगण्यासारखा आकडाच नाही. दीड वर्षापूर्वी वार्षिक मोजणीत फार फरक आला, तेव्हापासून मी रोज संध्याकाळी वीस बिन मोजतो. महाग तांबे दर महिन्याला, नट-बोल्ट सहा महिन्यांतून एकदा. रात्रपाळीचा माल चिठ्ठीवर जायचा, त्यासाठी रजिस्टर लावले. पडून असलेल्या मालाची यादी साहेबांना करून दिली. पण हे तर रोजचेच काम. याला बायोडेटात काय लिहिणार?

उत्तर: तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या चार-पाच वाक्यांतच तुमचा बायोडेटा आहे. रोज वीस बिन मोजणे यालाच जाहिरातीत सायकल काउंटिंग म्हटले आहे. महाग माल वारंवार आणि स्वस्त माल क्वचित मोजणे म्हणजे एबीसी वर्गवारीवर बेतलेली मोजणी. काम तुम्ही केले आहे, फक्त तुमच्या कागदावर त्याचे ते नाव नाही. बायोडेटा आधी चाळतो तो एचआरचा माणूस, आणि त्याच्या हातात जाहिरातीतल्या शब्दांची यादी असते. त्याने कधी तुमच्या स्टोअरमध्ये पाय ठेवलेला नसतो. ‘साठ्याच्या नोंदी ठेवल्या’ यातून तुम्ही सायकल काउंट करता हे त्याला कळणार नाही.

मी बरीच वर्षे इथल्याच एका कारखान्यात मटेरियल विभागात होतो आणि स्टोअरच्या जागांसाठी माणसे निवडण्याचे काम माझ्याकडे असायचे. ‘जबाबदारी सांभाळली’ अशी ओळ वाचल्यावर माझ्या मनात लगेच प्रश्न यायचा: सांभाळली म्हणजे नक्की काय झाले? साठा जुळला की नाही? जबाबदारी प्रत्येक स्टोअरकीपरकडे असतेच, ती नेमणूकपत्रातही लिहिलेली असते. तुमच्या हाताखाली ते स्टोअर आधी कसे होते आणि नंतर कसे झाले, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

सुरुवात जाहिरातीपासून करा. ती कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक अपेक्षेसमोर तुम्ही प्रत्यक्ष केलेले काम तुमच्याच बोलीत लिहा. ‘सायकल काउंटिंग’समोर ‘रोज संध्याकाळी वीस बिन’, ‘पीपीसीशी समन्वय’समोर ‘सकाळी प्लॅनिंगवाल्यांना कमी पडणाऱ्या मालाची यादी देतो’, असे. एखाद्या अपेक्षेसमोर लिहायला काही सुचले नाही तर ती जागा कोरी राहू द्या. कोऱ्या जागेचे काय करायचे ते पुढे सांगतो. जाहिरातीतला क्रमही बघा. जी गोष्ट पहिल्या दोन-तीन ओळींत आली आहे किंवा दोनदा आली आहे, त्या दुखण्यासाठीच ते माणूस शोधत असतात. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हालोलवाल्यांचे दुखणे उघड दिसते: सिस्टिममधला साठा आणि रॅकवरचा साठा जुळत नाही. म्हणून तुमची पहिली ओळ साठा जुळवल्याची हवी. फिफोची ओळ शेवटी जाईल, कदाचित गळेलही.

आता आकड्यांकडे येऊ. आकडा तुमच्याकडे आहे, फक्त तुम्ही तो काढलेला नाही. सर्वात मोलाचा आकडा वार्षिक मोजणीतून निघेल, म्हणून तोच नीट काढून दाखवतो. इथले आकडे मी उदाहरणादाखल धरतो आहे, तुमचे तुमच्या नोंदींतून येतील.

समजा, दीड वर्षापूर्वीच्या वार्षिक मोजणीत १४०० आयटम मोजले आणि २३८ आयटममध्ये फरक निघाला. म्हणजे ११६२ जुळले. ११६२ भागिले १४००, म्हणजे ८३ टक्के. यंदाच्या वार्षिक मोजणीत त्याच १४०० पैकी ५६ आयटममध्ये फरक आला, म्हणजे १३४४ जुळले, ९६ टक्के. ८३ वरून ९६. हाच तुमच्या बायोडेटाचा कणा.

हा हिशेब करताना तीन ठिकाणी चूक होते आणि तिन्ही मुलाखतीत पकडली जातात.

पहिली चूक रुपयांत मोजण्याची. तांब्याच्या पट्टीत दोन लाख जास्त निघाले आणि बुशिंगमध्ये दोन लाख कमी निघाले, तर एकूण किमतीचा फरक शून्य येतो आणि कागदावर अचूकता शंभर टक्के दिसते. अकाउंट्सला ते चालते, पण लाइनवर बुशिंग नसले की काम थांबतेच. म्हणून आयटमनिहाय अचूकता काढा आणि बायोडेटात ‘आयटमनिहाय’ हा शब्द लिहा. समोर मुरलेला माणूस बसला असेल तर या एका शब्दावरून त्याला कळते की तुम्ही हे काम स्वतः केले आहे.

दुसरी चूक वेगवेगळ्या मोजण्यांची तुलना करण्याची. आधीचा आकडा वार्षिक मोजणीचा आणि नंतरचा आकडा मागच्या महिन्याच्या सायकल काउंटचा घेतला, तर नंतरचा आपोआप चांगला दिसतो, कारण महिन्याच्या मोजणीत तुमचे नेहमी मोजले जाणारे आयटम जास्त असतात. वार्षिकची तुलना वार्षिकशीच करा. सूट म्हणजे टॉलरन्सही दोन्ही वेळा एकच हवी. तांबे आणि सीआरजीओ लॅमिनेशन वजनावर जाते, तिथे अर्धा-एक टक्का फरक बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. आधी सूट धरली नव्हती आणि नंतर धरली, तर तुमची सुधारणा निम्मी तरी कागदावरचीच असेल.

तिसरी चूक सॅपमधून आकडा उचलताना होते. MB51 मध्ये मूव्हमेंट टाइप 701 आणि 702 टाकले की मोजणीतले चढ-उतार दिसतात, आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण तिथे फक्त फरक निघालेले आयटम येतात. जे जुळले त्यांची एंट्रीच तिथे नसते, त्यामुळे भागायचे कशाने हे कळत नाही. एकूण किती मोजले हे मोजणीच्या डॉक्युमेंटवरून किंवा काउंट शीटवरून घ्या. MI20 मध्ये मोजलेली आणि पुस्तकी संख्या शेजारीशेजारी दिसते, तेवढी परवानगी तुमच्या लॉगिनला असेल तर काम सोपे होते.

आता ओळ लिहू. बायोडेटा तुम्ही इंग्रजीत देणार, तेव्हा इथे अर्थ घ्या आणि संज्ञा मात्र जाहिरातीत जशा आहेत तशाच ठेवा.

आधीची ओळ: ‘साठ्याच्या नोंदी ठेवल्या.’

नवी ओळ: ‘१४०० आयटमच्या स्टोअरमध्ये एबीसी वर्गवारीनुसार रोजचे सायकल काउंटिंग सुरू केले, आयटमनिहाय इन्व्हेंटरी अ‍ॅक्युरसी १२ महिन्यांत ८३ वरून ९६ टक्क्यांवर आणली.’

ही ओळ कशी बांधली आहे ते बघा. स्टोअर केवढे, केले काय, आधी किती, नंतर किती आणि किती काळात, एवढ्या पाच गोष्टी तीत आहेत. जाहिरातीतल्या तीन संज्ञा आल्या, पण त्या चिकटवल्यासारख्या वाटत नाहीत, कारण प्रत्येकीच्या मागे तुमचे काम उभे आहे. ‘आणली’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरले आहे. साहेबांनी सुचवले असले तरी रोज संध्याकाळी मोजायला उभे तुम्ही राहिलात.

जाहिरातीत ९८ आहे आणि तुमचे ९६, म्हणून तो ९८ करावा असा मोह होईल. करू नका. ज्याने ९८ लिहिले आहे त्याच्याकडे आज ९८ असते तर जाहिरातच निघाली नसती. त्याला बघायची असते ती चढण. ८३ वर असलेले स्टोअर कोणी कसे वर नेले, हे ऐकण्यात त्याला जास्त रस असतो. शिवाय पुढचा प्रश्न ठरलेला आहे: ‘फरक येत का होता?’ याचे उत्तर तुमच्याकडे खरे आणि पक्के आहे. रात्रपाळीत सुपरवायझर चिठ्ठीवर माल न्यायचा, चिठ्ठी हरवायची, एंट्री व्हायचीच नाही. ती तुमची दुसरी ओळ.

‘रात्रपाळीच्या मटेरियल इश्यूसाठी रजिस्टर आणि सकाळी ९ पर्यंत सॅप एंट्रीची पद्धत लावली; नोंद न झालेल्या इश्यूंची संख्या महिन्याला सुमारे ३० वरून ५ च्या आत आली.’

इथले ३० आणि ५ कुठून आणायचे? रजिस्टर लावल्यानंतरचा आकडा रजिस्टरमध्येच आहे: रात्री गेलेला आणि सॅपमध्ये न चढलेला माल मोजा. आधीचा आकडा काढणे अवघड, कारण तेव्हा रजिस्टर नव्हते. पण बहुतेक स्टोअरमध्ये जुन्या चिठ्ठ्या एखाद्या खिळ्याला किंवा फाइलीत असतात. एका महिन्याच्या चिठ्ठ्या काढा आणि त्यातल्या किती MB51 मध्ये मूव्हमेंट टाइप 261 खाली चढल्या होत्या ते ताडून बघा. न चढलेल्या किती ते मोजा आणि आकड्याआधी ‘सुमारे’ लिहा. चिठ्ठ्या नसतील तर हा आकडा सोडा. ‘रजिस्टर आणि सकाळच्या एंट्रीची पद्धत लावली, त्याचा वरच्या अचूकतेत वाटा’ एवढे म्हटले तरी ओळ उभी राहते. अंदाजाने ३० लिहून बसलात आणि समोरच्याने ‘हे कसे मोजले?’ विचारले, तर त्या एका आकड्यापायी खरा असलेला ९६ सुद्धा संशयात जातो.

तांब्याबद्दल एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते, कारण ट्रान्सफॉर्मरच्या कामात ती फार दिसते. पट्टीचे रीळ रिकाम्या बॉबिनसकट वजन होऊन इश्यू होते आणि उरलेला माल परत येतो तेव्हा बॉबिनचे वजन वजा करायचे राहते. तुमच्या फरकांत तांबे वरचेवर येत असेल आणि तुम्ही बॉबिनवर रंगाने वजन लिहायला लावले असेल, तर ते मुलाखतीसाठी राखून ठेवा. बायोडेटात त्याला जागा नाही, पण प्रश्न आला की असे एक उदाहरण समोरच्याची खात्री पटवते.

जीआरएनचे वेगळे आहे. तिथे तुम्ही काही सुधारले असे तुमच्या लिहिण्यावरून दिसत नाही, आणि सुधारलेच पाहिजे असेही नाही. आधी-नंतरचा आकडा नसेल तर आवाका आणि पातळी सांगा. महिन्याला किती जीआरएन होतात आणि त्यातले किती २४ तासांत होतात, एवढे पुरे. मोजायचे असे: गेटच्या आवक रजिस्टरवरून गाडी आत आल्याची तारीख-वेळ घ्या आणि MB51 मध्ये मूव्हमेंट टाइप 101 समोर एंट्रीची तारीख आणि वेळ बघा. पोस्टिंगची तारीख घेऊ नका, कारण ती मागची टाकता येते आणि महिनाअखेरीस टाकली जातेच. सगळे मोजायला वेळ नसेल तर दोन महिन्यांतली दर पाचवी गाडी घ्या. बरी दिसणारी निवडून घेऊ नका. अशा ४० पैकी ३४ गाड्यांचे जीआरएन २४ तासांत झाले असतील तर ओळ अशी होते:

‘महिन्याला सुमारे ३५० जीआरएन सॅप एमएममध्ये, ८५ टक्के गेट एंट्रीपासून २४ तासांत.’

क्वालिटीने माल अडवून ठेवला तो वेळ यात येऊ देऊ नका. जीआरएन झाल्यावर माल तपासणीत पडून राहिला तर तो तुमचा उशीर नव्हे, आणि तुमची कामगिरीही नव्हे.

पडून असलेल्या मालाच्या यादीवर जरा थांबायला हवे, कारण इथे माणसे दोन्हीकडे घसरतात. कोणी ‘यादी बनवली’ एवढेच लिहून स्वतःवर अन्याय करतो, तर कोणी ‘नॉन-मूव्हिंग साठा ३७ टक्क्यांनी कमी केला’ असे लिहून साहेबांचा निर्णय आपल्या नावावर लावतो. खरे काय घडले ते आधी आठवा. समजा, वर्षभर न हललेला माल ३८ लाखांचा निघाला आणि वर्षाने तो २४ लाख झाला. कमी झालेल्या १४ लाखांतले ९ लाख व्यवस्थापनाने भंगारात काढले आणि ५ लाखांचा माल, म्हणजे जुन्या मापाचे प्रेसबोर्ड आणि गॅस्केट, डिझाइनवाल्यांनी दुसऱ्या जॉबमध्ये वापरून टाकला. हा वापर तुम्ही नमुने घेऊन डिझाइनकडे खेपा घातल्यामुळे झाला असेल तर तो पूर्णपणे तुमचा. भंगाराचा निर्णय तुमचा नाही, पण तुमच्या यादीशिवाय तो झालाही नसता. म्हणून:

‘१२ महिने हालचाल नसलेल्या साठ्याचे विश्लेषण करून नॉन-मूव्हिंग यादी व्यवस्थापनापुढे ठेवली, वर्षभरात हा साठा ३७ टक्क्यांनी घटला, त्यातला तिसरा हिस्सा डिझाइन विभागासोबत पर्यायी वापर शोधून.’

१४ भागिले ३८ म्हणजे ३७ टक्के, आणि १४ मधले ५ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. ‘घटला’ म्हटल्यामुळे श्रेय वाटले गेले, आणि ‘पर्यायी वापर शोधून’ यात तुमचा वाटा स्पष्ट राहिला. संयुक्त कामात क्रियापद जपून निवडायचे ते असे. हे आकडे सॅपमध्ये MC46 किंवा MC50 वरून मिळतात, मात्र अनेक स्टोअर लॉगिनना ते उघडत नाहीत. मग MB52 वरचा साठा आणि MB51 वरची शेवटची हालचाल ताडून काढावे लागते.

इथे रुपये मी मुद्दाम गाळून टक्केच ठेवले. तुमच्या कंपनीचा साठा किती लाखांचा, माल कोणाकडून येतो, दर काय, हे बायोडेटात येता कामा नये. हालोलची कंपनी उद्या तुमच्या कंपनीची ग्राहक किंवा स्पर्धक असू शकते, आणि जो आजच्या कंपनीचे आकडे उघड करतो तो आपलेही करील, हे समोरच्याच्या लगेच लक्षात येते. आकडे काढतानाही रिपोर्ट स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, पेनड्राइव्हवर घेऊ नका. स्क्रीनवर बघा, हिशेब करा आणि टक्केवारी तेवढी वहीत टिपा. नोटीस पिरियड सुरू झाल्यावर लॉगिनच्या परवानग्या कमी करतात, म्हणून हे काम राजीनाम्याआधीच करा.

समन्वयाची ओळ सर्वात भुसभुशीत असते. ‘पीपीसी आणि परचेसशी समन्वय साधला’ असे प्रत्येक बायोडेटात असते आणि वाचणारा ती ओळ ओलांडून जातो. तिला आकडा नसला तरी चालेल, पण आकार द्या: कधी, कोणाला, काय देता आणि त्यावरून ते काय ठरवतात. ‘रोज सकाळी शॉर्टेज यादी पीपीसी आणि परचेसला, त्यावरून दिवसाचे जॉब आणि पाठपुराव्याचे पुरवठादार ठरतात’ ही ओळ पुरेशी आहे. गेल्या वर्षभरात मालाअभावी लाइन थांबली नसेल आणि हे प्रॉडक्शनच्या डाउनटाइम नोंदीत दिसत असेल, तर ते जरूर जोडा. नोंद नसेल तर ‘लाइन कधीच थांबली नाही’ असा दावा करू नका. प्रॉडक्शनवाल्यांची आठवण याबाबतीत फार तीक्ष्ण असते.

आता त्या कोऱ्या जागा. समजा, जाहिरातीत फाइव्ह-एस आहे आणि तुमच्याकडे तसा कार्यक्रम झालेला नाही. बिनना लेबल लावणे, जागा ठरवून देणे हे केले असेल तर ‘फाइव्ह-एस राबवले’ म्हणू नका, ‘सर्व बिनना लोकेशन कोड आणि लेबल’ एवढेच लिहा. वाचणाऱ्याला त्यातून कळते. काहीच केले नसेल तर तो शब्द कागदावर आणूच नका. शब्द नसल्यामुळे एखादा फोन कदाचित येणार नाही. पण शब्द आहे आणि मागे काम नाही, असे मुलाखतीत उघडे पडले की बाकीच्या खऱ्या ओळींचीही किंमत जाते. हालोल, वाघोडिया, सावली या पट्ट्यात स्टोअर आणि परचेसची माणसे एकमेकांना ओळखतात, आणि साधा एक फोन करून खात्री करण्याची पद्धत जुनी आहे. प्रत्येक ओळीला ही कसोटी लावा: तुमचे आत्ताचे साहेब ती ओळ वाचून ‘हो, असेच झाले’ म्हणतील का?

शब्द जुळवण्याबद्दल आणखी थोडे. नोकरीच्या पोर्टलवर एचआरचा माणूस शोधपेटीत शब्द टाकून बायोडेटा काढतो. त्यामुळे लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही एकेकदा यायला हवे, ‘जीआरएन’ एका ओळीत आणि ‘गुड्स रिसीट नोट’ दुसऱ्या ओळीत. तुमच्या कंपनीतली खास नावे मात्र काढून टाका. तुमच्याकडे रात्रीच्या रजिस्टरला जे काही म्हणत असतील ते हालोलमध्ये कोणी शोधणार नाही. ‘सॅप येते’ असे लिहू नका, काय करता ते लिहा: MIGO वर आवक आणि इश्यू, MB52 आणि MB51 वर तपासणी, MI01 ते MI07 मोजणीसाठी. यातले जे रोज हाताखालून जाते तेवढेच ठेवा. संज्ञांची लांब यादी बायोडेटाच्या तळाशी ओतणे किंवा पांढऱ्या अक्षरांत लपवणे हे प्रकारही मी पाहिले आहेत. लपवलेली अक्षरे पोर्टलवर साध्या मजकुरात उघडी पडतात, आणि मग त्या माणसाबद्दल वाचणाऱ्याचे मत तिथेच ठरते. तक्ते, दोन रकाने आणि चौकटी टाळा. साधा एका रकान्याचा कागद करा, नाहीतर पोर्टल उचलताना ओळी एकमेकींत मिसळतात.

सध्याच्या नोकरीखाली अशा पाच ओळी पुरेत, फार तर सहा. या सहा वर्षांआधी दुसरी जागा असेल तर तिच्याखाली दोन. क्रम असा लावा: अचूकता, रात्रीचे इश्यू, नॉन-मूव्हिंग, जीआरएन, समन्वय. फिफो लिहायचेच असेल तर मुदतीच्या मालापुरते, म्हणजे गॅस्केट, वार्निश, चिकट टेप यांच्याबाबत, आणि तेही मुदत संपून किती माल फेकला गेला याची नोंद तुमच्याकडे असेल तरच.

ओळी तयार झाल्या की प्रत्येकीखाली वहीत तीन गोष्टी टिपून ठेवा: आकडा कोणत्या नोंदीतून आला, कोणत्या काळातला आहे आणि फरक पडण्याचे कारण काय. मुलाखतीला जाताना ती वही नीट वाचून जा. हालोलबरोबर सावलीच्या एखाद्या गोदामाचीही जाहिरात दिसली, जिथे भर आवक आणि डिस्पॅचवर आहे, तर नवीन बायोडेटा बनवत बसू नका. याच पाच ओळींत जीआरएनची ओळ वर घ्या, अचूकतेची दुसरी करा, नॉन-मूव्हिंगची एका वाक्यात आटोपा आणि त्यांच्या जाहिरातीत इन्व्हेंटरीऐवजी ‘स्टॉक’ म्हटले असेल तर तुम्हीही ‘स्टॉक’च लिहा.